बिलावर ‘एडिट’ का मिळत नाही: चुकीच्या जीएसटीआयएनवर गेलेल्या एका ई-इन्व्हॉइसचं प्रकरण

गोकुळ शिरगाव एमआयडीसीतली एक फाउंड्री आमचं बिलिंग सॉफ्टवेअर वापरते. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड आहे, उलाढाल पाच कोटींच्या वर आहे, म्हणजे जीएसटी नोंदणी असलेल्या दुसऱ्या व्यावसायिकाला दिलेल्या प्रत्येक बिलाला ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर बिलाची नोंद, सक्तीची. तिच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाचे दोन कारखाने आहेत, एक चाकणला आणि दुसरा बेळगावला. पॅन एकच, पण जीएसटीआयएन, म्हणजे जीएसटीचे नोंदणी क्रमांक, दोन: चाकणचा महाराष्ट्राच्या २७ ने सुरू होणारा, बेळगावचा कर्नाटकाच्या २९ ने. ऑर्डर बेळगावच्या कारखान्याची होती. (ग्राहकाची ओळख पटू नये म्हणून क्रमांक आणि रकमा बदलल्या आहेत. नियम आणि पायऱ्या आहेत तशाच आहेत.)

नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी संध्याकाळी, गाडी भरून उभी असताना अकाउंटंट मॅडमनी बिल काढलं. पार्टीच्या यादीत एकाच नावाच्या दोन ओळी होत्या. त्यांनी वरची निवडली, ती चाकणची. माल पाठवायचा पत्ता मात्र त्यांनी बरोबर बेळगावचा टाकला. अशा बिलात, म्हणजे बिल एकाच्या नावे आणि माल दुसऱ्या पत्त्यावर असताना, पुरवठ्याचं ठिकाण ज्याच्या नावे बिल आहे त्याचं धरलं जातं. म्हणून सॉफ्टवेअरने दोन राज्यांमधल्या विक्रीच्या आयजीएसटीऐवजी एकाच राज्यातल्या विक्रीचा सीजीएसटी आणि एसजीएसटी लावला. माल ४,२०,००० रुपयांचा, कर १८ टक्क्यांनी ७५,६००, म्हणजे दोन्हीकडे ३७,८००. बिल क्रमांक `GS/25-26/0412`. आयआरएन, म्हणजे पोर्टलने त्या बिलाला दिलेला नोंदणी क्रमांक, निघाला, माल वाहतुकीचं ई-वे बिल निघालं, गाडी गेली.

या बिलात सॉफ्टवेअरला किंवा सरकारी पोर्टलला खटकण्यासारखं काहीच नव्हतं. दोन्ही जीएसटीआयएन खरे, दोन्ही चालू, कराचा हिशेब बरोबर. म्हणूनच ते कुठेही न अडता बेळगावपर्यंत गेलं. अडलं ते बेळगावच्या स्टोअरमध्ये. त्यांनी माल उतरवून घेतला, पण ऑर्डर आपल्या जीएसटीआयएनची आणि बिल चाकणच्या जीएसटीआयएनचं, म्हणून जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, करायला नकार दिला. जीआरएन नाही म्हणजे बिल मंजुरीला जाणार नाही, आणि मंजुरी नाही तर पैसे नाहीत.

सोमवारी सकाळी आमच्याकडे तिकीट आलं. त्यात एकच ओळ होती: ‘ई-इन्व्हॉइस झालेल्या बिलावर एडिट ऑप्शन चालू करून द्यावा, अर्जंट.’

आमच्या सहकाऱ्याने दहा मिनिटांत उत्तर दिलं: ‘आयआरएन निघाल्यानंतर बिल एडिट करण्याची सुविधा उपलब्ध नाही. गैरसोयीबद्दल क्षमस्व.’ तिकीट बंद झालं. उत्तरातला शब्द न् शब्द खरा होता. तासाभरात कंपनीच्या मालकांचा फोन आला आणि तो माझ्याकडे वळवला गेला.

“काय ओ, पैसे भरून सॉफ्टवेअर घेतलंय आम्ही. आमच्याच बिलात आम्ही दुरुस्ती करायची नाही? दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये होतंय की हे!”

त्या क्षणी एडिट का नाही हे समजावायला घेण्यात अर्थ नव्हता, कारण तिकिटावरून मला एवढंच कळत होतं की त्यांना बटण हवं आहे. बटण कशासाठी हवं आहे हे कळत नव्हतं. आयआरएन निघालेलं बिल बदलायची मागणी आमच्याकडे नेहमी येते आणि तिच्यामागे अगदी वेगवेगळ्या गोष्टी असतात. कुणाचा दर चुकलेला असतो, कुणाची गाडी परत आलेली असते, कुणाला फक्त गाडीचा नंबर बदलायचा असतो. गाडीचा नंबर तर बिलाला हात न लावता ई-वे बिलाच्या भाग ‘ब’ मध्ये बदलता येतो. कारण बदललं की पर्याय बदलतो. म्हणून मी विचारलं, “साहेब, बिलात नेमकं काय चुकलंय, आणि माल आत्ता कुठं आहे?”

माल बेळगावला उतरला आहे, बिल चाकणच्या नावे आहे, स्टोअरवाले घेत नाहीत, ही सगळी हकीकत तेव्हा पहिल्यांदा कळली. मग दोनच प्रश्न राहिले. बिल कधी काढलं? गुरुवारी संध्याकाळी. चाकणच्या ऑफिसने हे बिल त्यांच्या हिशेबात धरलं आहे का? मॅडमनी चौकशी करून सांगितलं की चाकणला माल गेलाच नाही, त्यामुळे तिथे नोंद नाही.

पहिल्या उत्तराचा दिवस महत्त्वाचा असतो, कारण आयआरएन फक्त २४ तासांच्या आत रद्द करता येतो. सोमवारी ती वाट बंद झालेली होती. इथे ती शुक्रवारी सकाळीही उघडली नसती. बिलाला जोडलेलं ई-वे बिल चालू असेल तोवर आयआरएन रद्द होत नाही, आधी ई-वे बिल रद्द करावं लागतं, आणि त्यावर माल तर प्रत्यक्ष गेलेला होता. ही गोष्ट मी मालकांना स्पष्ट सांगितली. ‘काल फोन केला असता तर झालं असतं’ असं त्यांच्या मनात राहिलं असतं, तर त्या मॅडमना उगाच बोल बसले असते.

आता ‘नाही’चं कारण. सॉफ्टवेअरच्या सपोर्टमध्ये ‘नाही’ तीन जागांवरून येतं, आणि ग्राहकाला आपण कुठल्या ‘नाही’शी बोलतोय हे कळायला हवं, असं माझं ठाम मत आहे. एक ‘नाही’ आमच्या हद्दीबाहेरचं, म्हणजे सरकारी पोर्टल ती गोष्ट करूच देत नाही. दुसरं कायद्याचं, म्हणजे तांत्रिकदृष्ट्या जमेल, पण करायची परवानगी नाही. तिसरं आमचंच, म्हणजे करता येईल पण आम्ही अजून केलेलं नाही. ‘सुविधा उपलब्ध नाही’ या वाक्यात तिन्ही एका रंगाची दिसतात. मग ग्राहक साहजिकच तिसरं समजतो आणि आवाज चढवून बघतो, कारण तिसऱ्या प्रकारात आवाज चढवून कधीकधी काम होतं. या प्रकरणात तिन्ही होती, म्हणून मी ती एकेक करून सांगितली.

पहिलं असं. आपण बिल पोर्टलला पाठवतो तेव्हा पोर्टल त्याचा आयआरएन तयार करतं, बिलाची डिजिटल सही केलेली प्रत परत देतं आणि त्यासोबत क्यूआर कोड देतं. मालकांचा मुलगा फोनवर होता, तो हुशार निघाला. तो म्हणाला, “आयआरएन तर आपला जीएसटीआयएन, आर्थिक वर्ष, कागदाचा प्रकार आणि बिल नंबर यावरून बनतो असं मी वाचलंय. त्यात गिऱ्हाइकाचा जीएसटीआयएन येतच नाही. मग तोच आयआरएन ठेवून गिऱ्हाईक बदलायला काय हरकत आहे?”

आयआरएनबद्दल तो सांगत होता ते अगदी बरोबर आहे. पण क्यूआर कोडमध्ये गिऱ्हाइकाचा जीएसटीआयएन असतो. त्यात विकणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा जीएसटीआयएन, बिलाचा क्रमांक, तारीख, एकूण रक्कम, मालाच्या ओळींची संख्या, मुख्य मालाचा एचएसएन कोड आणि आयआरएन एवढं सगळं सहीबंद असतं. मी त्याला म्हटलं, “समजा, आम्ही तुम्हाला एडिट दिलं. तुम्ही चाकणचं बेळगाव केलंत आणि प्रिंट काढलीत. वर बेळगावचा जीएसटीआयएन आणि आयजीएसटी दिसेल. स्टोअरवाल्याने खालचा क्यूआर पडताळणीच्या सरकारी अॅपने स्कॅन केला की त्याला २७ ने सुरू होणारा चाकणचा नंबर दिसेल. दोन-तीन दिवसांत पोर्टलवरून तेच बिल तुमच्या विक्रीच्या विवरणात, जीएसटीआर-१ मध्ये, आपोआप चाकणच्या नावे येईल, आणि पुढच्या महिन्यात चाकणच्या क्रेडिटच्या यादीत, जीएसटीआर-२बी मध्ये, दिसेल. बेळगावला त्या कराचं क्रेडिट मिळणारच नाही. एडिट फक्त तुमच्या संगणकातल्या प्रतीवर झालं असेल.”

यावर फोनवर थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही. मग मालक म्हणाले, “म्हणजे बिल आमच्याकडं एक आणि सरकारकडं एक.”

“हो. आणि हिशेब सरकारकडच्या प्रतीवर होणार.”

दुसऱ्या सॉफ्टवेअरबद्दल ते जे म्हणाले त्यावर मी ‘ते खोटं आहे’ असं म्हटलं नाही, कारण काही सॉफ्टवेअर इशारा दाखवून स्थानिक प्रत बदलू देतात हे खरं आहे. एवढंच सांगितलं की तिथेही पोर्टलवरची प्रत बदलत नाही, आणि तिथे कुणी बदल करून दाखवला तर त्याच बिलाचा क्यूआर स्कॅन करून पाहा. असल्या वेळी दुसऱ्या कंपनीबद्दल वाईट बोलण्यापेक्षा तपासायची रीत देणं केव्हाही बरं. ग्राहक स्वतः पाहतो आणि प्रश्न मिटतो.

पण खरी रस्सीखेच झाली ती दुसऱ्या ‘नाही’वर. मॅडमनी हळूच विचारलं, “सर, एडिट जाऊ दे. मागून तुमच्या डेटाबेसमधून हे बिल डिलीट करून द्या की. एकदाच. मग त्याच नंबरचं बरोबर बिल काढतो आम्ही.”

ही विनंती आम्हाला वारंवार होते, आणि ती करणाऱ्याचा हेतू बहुतेक वेळा स्वच्छ असतो. या मॅडमना काही लपवायचं नव्हतं, बिल क्रमांकांच्या मालिकेत खाडा पडू नये एवढंच हवं होतं. तरीही ते करता येत नाही. कंपनी अकाउंट्स नियमांतल्या नियम ३ नुसार १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद, म्हणजे एडिट लॉग, राहावीच लागते आणि ती बंद करता येता कामा नये. ही नोंद वर्षभर चालू होती का, तिच्यात कुठे छेडछाड झाली का, यावर ऑडिटरला आपल्या अहवालात लिहावं लागतं. ऑडिटर डेटाबेसमध्ये थेट केलेल्या बदलांबद्दलही विचारतात. आम्ही मागून बिल पुसलं असतं तर मॅडमचं काम पाच मिनिटांत झालं असतं आणि मार्चनंतर त्यांच्या कंपनीच्या ऑडिट अहवालात शेरा आला असता. (हा नियम कंपन्यांना आहे. प्रोप्रायटरी किंवा भागीदारी फर्मला तो तसा लागू नाही. पण बिल मागून पुसायचं नाही हे आमचं धोरण सगळ्यांसाठी सारखं आहे, आणि फर्मवाल्या ग्राहकाला सांगताना ते धोरण म्हणूनच सांगावं, कायद्याच्या नावावर खपवू नये.)

आणि पुसून उपयोगही झाला नसता. एकदा आयआरएन निघाला की तोच क्रमांक त्या आर्थिक वर्षात पुन्हा पोर्टलवर चालत नाही, बिल रद्द केलं तरी चालत नाही. `0412` पुन्हा पाठवलं असतं तर पोर्टलने ते दुबार म्हणून परत केलं असतं. मालिकेतल्या खाड्याची भीती मात्र विनाकारण होती. बिल अस्तित्वात राहणार, त्याची रक्कम वजा करणारी क्रेडिट नोट निघणार, नवीन बिलाला पुढचा क्रमांक मिळणार. जीएसटीआर-१ च्या कागदपत्रांच्या तक्त्यात सगळे क्रमांक सलग दिसतात. हे ऐकल्यावर मॅडमचा आवाज बदलला. त्यांच्या आग्रहामागे ही एकच काळजी होती, आणि एडिटच्या मागणीशी तिचा संबंध असेल असं तिकीट वाचून कुणालाही वाटलं नसतं.

मग पर्याय. मी तीन मांडले, आणि प्रत्येकासोबत तो कुणावर भार टाकतो हेही सांगितलं. पर्याय सुचवताना हा भाग बहुतेक सपोर्टवाले गाळतात. मग ग्राहक सोपा वाटणारा पर्याय घेतो आणि आठवड्याने दुसऱ्याच कुणाच्या तरी रागाला तोंड देतो.

पहिला पर्याय: चाकणच्या नावे पूर्ण रकमेची क्रेडिट नोट, आणि बेळगावच्या नावे नवीन बिल, आयजीएसटी लावून. दोन्ही कागदांचा वेगवेगळा ई-इन्व्हॉइस निघेल. दोन्ही नोव्हेंबरातच झाले तर सीजीएसटी आणि एसजीएसटीचे ३७,८०० चे दोन्ही आकडे त्याच महिन्याच्या विवरणात वजा होऊन शून्यावर येतात आणि ७५,६०० आयजीएसटी उभा राहतो. खिशातून जादा कर जात नाही. भार कुणावर? चाकणच्या अकाउंट्सवर थोडासा: त्यांच्या २बी मध्ये माल न आलेलं एक बिल आणि त्याची क्रेडिट नोट अशा दोन ओळी दिसतील. त्यांना आधी कळवलं नाही तर ते फोन करून विचारणार.

दुसरा पर्याय: बिल आहे तसं चाकणच्या नावे ठेवायचं आणि चाकणने बेळगावला स्वतःचं बिल करायचं. दोन राज्यांतले दोन जीएसटीआयएन कायद्याने वेगळ्या व्यक्ती मानल्या जातात, त्यामुळे हे शक्य आहे. फाउंड्रीला यात काहीच काम नाही. सगळा भार गिऱ्हाइकावर. त्यांच्या चाकण ऑफिसला न मागवलेली खरेदी दाखवायची, पुन्हा विक्री दाखवायची. मी म्हटलं, “हा पर्याय तुमच्यासाठी सर्वांत सोपा आहे, पण चूक आपल्याकडची असताना एवढं काम गिऱ्हाइकाला सांगावं का, हे तुम्ही ठरवा.” मालकांनी तो लगेच बाजूला ठेवला.

तिसरा पर्याय त्यांच्या सीएंनी मॅडमना आधी सुचवला होता: जीएसटीआर-१ मध्ये दुरुस्ती. त्याच महिन्याच्या जीएसटीआर-१ए या दुरुस्तीच्या फॉर्ममध्ये घेणाऱ्याचा जीएसटीआयएन बदलता येत नाही, तो बदल पुढच्या महिन्याच्या जीएसटीआर-१ मध्येच करावा लागतो. म्हणजे नोव्हेंबरची चूक डिसेंबरच्या विवरणात, आणि ते भरायचं जानेवारीत. तोवर बेळगावला क्रेडिट नाही. शिवाय प्रिंटवरचा क्यूआर चाकणचाच राहणार, म्हणजे ज्या स्टोअरपाशी गाडं अडलं आहे तिथे ते अडलेलंच राहणार. विवरण सुधारेल, जीआरएन होणार नाही.

इथे मी थांबलो आणि सीएंना फोनवर घ्यायला सांगितलं. आम्ही सॉफ्टवेअरवाले. पोर्टल काय घेतं आणि काय नाही हे आम्ही खात्रीने सांगू शकतो, पण क्रेडिट नोटचं कारण कायद्यात बसतं की नाही हे सांगणं आमचं काम नाही. सीएंनी तो मुद्दा लगेच धरला. जीएसटी कायद्याच्या कलम ३४ मध्ये क्रेडिट नोटची कारणं दिलेली आहेत आणि त्यात ‘चुकीचा जीएसटीआयएन’ असं सरळ लिहिलेलं नाही. त्यांचं म्हणणं पडलं की चाकणला पुरवठा झालेलाच नाही, म्हणजे त्या बिलावर लावलेला कर देय करापेक्षा जास्त आहे, आणि ते कारण कलमात बसतं. त्यांनी होकार दिला, तेव्हा मी मॅडमना पुढच्या पायऱ्या सांगितल्या. हा होकार मी त्यांच्याकडून ईमेलवर मागून घेतला आणि तिकिटाला जोडला.

नव्या बिलासोबत ई-वे बिल काढायचं का, हा प्रश्न मॅडमनीच काढला. माल आधीच बेळगावच्या आवारात होता, गाडी कुठे जाणार नव्हती. ई-वे बिल हे मालाच्या हालचालीचं असतं. न झालेली फेरी कागदावर दाखवली तर नवा घोळ. सीएंच्या संमतीने ठरलं की नवीन ई-वे बिल काढायचं नाही. नव्या बिलाच्या शेऱ्यात जुन्या बिलाचा क्रमांक, गुरुवारचं ई-वे बिल आणि माल पोचल्याची तारीख लिहायची.

मालकांची शेवटची शंका पैशांबद्दल होती. नवीन बिलाची तारीख सोमवारची, मग पैसे मिळायची मुदत चार दिवसांनी पुढे जाणार का? हे कुठल्याही पोर्टलच्या हातात नाही, ते त्यांच्या आणि गिऱ्हाइकाच्या बोलण्यावर आहे. माल पोचल्याची तारीख शेऱ्यात असल्यामुळे मुदत त्या दिवसापासून धरायला सांगायला त्यांच्याकडे आधार होता. ते बेळगावच्या खरेदी विभागाशी बोलले.

फोन संपल्यावर मी तिकीट पुन्हा उघडलं आणि हे लिहून पाठवलं. बोलणं कितीही चांगलं झालं तरी दोन दिवसांनी लक्षात राहतं ते लेखी.

‘नमस्कार मॅडम. आयआरएन निघालेलं बिल `GS/25-26/0412` बदलणं किंवा पुसणं शक्य नाही. पोर्टलवर आणि क्यूआर कोडमध्ये चाकणचा जीएसटीआयएन नोंदला गेला आहे आणि तो आमच्याकडून बदलत नाही. बिल मागून पुसणं एडिट लॉगच्या नियमामुळे आम्हाला करता येत नाही. आपल्या सीएंच्या संमतीने ठरलेला मार्ग असा: आज `0412` उघडून त्यातूनच क्रेडिट नोट काढा, म्हणजे मूळ बिलाचा संदर्भ आपोआप येईल. पार्टी चाकणचीच ठेवा, बदलू नका. तिचा आयआरएन आल्यावर बेळगावच्या पार्टीवर नवीन बिल काढा. सेव्ह करण्याआधी पार्टीच्या जीएसटीआयएनचे पहिले दोन अंक २९ आहेत आणि कर आयजीएसटी आहे हे पाहा. दोन्ही कागद चाकणच्या आणि बेळगावच्या ऑफिसला पाठवा. अडलं तर मी संध्याकाळी सातपर्यंत फोनवर आहे.’

‘पार्टी चाकणचीच ठेवा’ हे वाक्य मुद्दाम घातलं. अशा वेळी हमखास होणारी चूक म्हणजे क्रेडिट नोट बेळगावच्या नावे काढणं, कारण डोक्यात बेळगाव बसलेलं असतं. तसं झालं की चाकणचं बिल उभंच राहतं, बेळगावच्या नावे ज्याचं मूळ बिलच नाही अशी क्रेडिट नोट पडते, आणि दोन चुकांच्या चार होतात. झालंय की नाही हे ओळखायला सोपं आहे: क्रेडिट नोटवर सीजीएसटी-एसजीएसटी दिसला तर बरोबर, आयजीएसटी दिसला तर पार्टी चुकली.

दोन्ही कागद त्या दुपारी निघाले आणि बेळगावचा जीआरएन मंगळवारी झाला. डिसेंबरात जीएसटीआर-१ भरण्याआधी मी मॅडमना आठवणीने फोन केला. तिन्ही कागद, म्हणजे जुनं बिल, क्रेडिट नोट आणि नवीन बिल, विवरणात आपोआप आले होते आणि चाकणच्या नावे निव्वळ कर शून्य होता.

राहिलं तिसरं ‘नाही’, आमचं स्वतःचं. मुलाने विचारलं होतं, “बिल एका राज्याचं आणि माल दुसऱ्या राज्यात, असं दिसलं की तुमचं सॉफ्टवेअर विचारत का नाही?” प्रश्न रास्त होता. बिल एकाच्या नावे आणि माल दुसरीकडे हा व्यवहार कायदेशीर आहे, म्हणून ते अडवता येणार नाही. पण एकाच पॅनचे दोन जीएसटीआयएन यादीत असताना आणि माल दुसऱ्याच्या पत्त्यावर जात असताना ‘पार्टी बरोबर आहे ना?’ एवढं विचारता येईल. त्याला कुठलाही नियम आडवा येत नाही, आणि आम्ही ते केलेलं नव्हतं. मी तसंच सांगितलं: “हे आमच्या हातात आहे, अजून केलेलं नाही. मागणी म्हणून आज नोंदवतो. कधी होईल ते मी सांगू शकत नाही, कारण ते मी ठरवत नाही.” तारीख दिली असती तर तेवढ्यापुरतं बरं वाटलं असतं, आणि ती चुकल्यावर क्यूआर आणि एडिट लॉगबद्दल सांगितलेल्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास गेला असता.

ती सूचना येईपर्यंत हाताशी होतं ते दिलं. पार्टीच्या नावातच गाव घातलं, म्हणजे यादीत दोन सारख्या ओळी दिसणार नाहीत. आणि एक सेटिंग त्यांच्याकडे आधीपासून होतं पण वापरात नव्हतं: बिल सेव्ह होताच आयआरएन न काढता ते कच्चं ठेवायचं, दुसऱ्या माणसाने पाहून मान्य केल्यावरच पोर्टलला पाठवायचं. आयआरएन निघेपर्यंत बिल हवं तेवढं बदलता येतं. त्यांनी मागितलेलं एडिट खरं तर इथेच आहे, फक्त पोर्टलच्या अलीकडे.

याचीही किंमत आहे, तीही त्यांना सांगितली. गाडी बिलाशिवाय सुटत नाही. संध्याकाळी मान्य करणारा माणूस जागेवर नसेल तर भरलेली गाडी गेटवर उभी राहते आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवतो. पहिल्या आठवड्यात दोनदा तसं झालं. मग मालकांनी ते सेटिंग सगळ्यांसाठी बंद करून फक्त एकाहून जास्त जीएसटीआयएन असलेल्या गिऱ्हाइकांपुरतं ठेवलं, आणि मान्य करायचा अधिकार स्वतःकडे न ठेवता डिस्पॅचच्या सुपरवायझरला दिला, कारण कुठली गाडी कुठे चालली आहे हे त्यालाच ठाऊक असतं.

आमच्या बाजूने बदल झाला तो तिकिटाच्या फॉर्ममध्ये. ‘एडिट’ किंवा ‘डिलीट’ची मागणी आली की आता आधी दोन रकाने भरावे लागतात: बिलात काय चुकलं आहे, आणि माल आत्ता कुठे आहे.